‘So’ म्हणजे सोमवार नव्हे: खारघरमधल्या एका जर्मन थर्मोस्टॅटचं प्रकरण

खारघरमधला हा तीन खोल्यांचा फ्लॅट. हॉल आणि दोन बेडरूम मिळून छतातून डक्ट फिरवलेला तीन टनांचा ‘डक्टेबल’ एसी, आणि त्या सगळ्यावर ताबा ठेवणारा एकच स्मार्ट थर्मोस्टॅट हॉलच्या भिंतीवर. आधीचे भाडेकरू जर्मन होते, इथे नोकरीच्या करारावर आलेले. त्यांनी मायदेशाहून थर्मोस्टॅट आणून बसवून घेतला आणि जाताना तो तसाच सोडला. एप्रिलमध्ये एक निवृत्त जोडपं राहायला आलं. काका-काकू दिवसभर घरीच असतात.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्यांच्या तक्रारी अशा होत्या. दुपारी एसी जवळजवळ लागतच नाही. बटण दाबून गार केलं, तरी संध्याकाळी साडेसहाला तापमान आपोआप बदलतं. रविवारी पाहुणे आले तेव्हा नेमकं घर तापलं. स्क्रीनवर हिरवं पान दिसतं, म्हणजे बचत चालू असणार, पण महावितरणचं बिल बघून तसं वाटत नाही. आणि थर्मोस्टॅटवरचं घड्याळ तासभर पुढे आहे.

एसी मेकॅनिकने आधी मशीन तपासलं. गॅस ठीक, फिल्टर ठीक, डक्टच्या तोंडाशी हवा पुरेशी गार. म्हणजे दोष यंत्रात नव्हता. एका माणसाच्या दिनक्रमासाठी, थंड देशाच्या सवयीने लावलेल्या सूचना यंत्र मुकाट्याने पाळत होतं आणि त्या सूचना घरात कुणाला वाचता येत नव्हत्या.

आधी फोटो, मग बोट

परक्या भाषेतला स्क्रीन समोर आला की पहिला मोह होतो तो भाषा बदलण्याचा. तो थोडा आवरावा. मेनूत शोधताना चुकून `Werkseinstellungen` या ओळीवर बोट पडलं आणि पुढच्या प्रश्नाला `Ja` दिलं, तर यंत्र कारखान्यातून निघालं तसं कोरं होतं. वेळापत्रक गेलं तर पुन्हा लावता येतं. पण त्याबरोबर बसवणाऱ्याने भरलेल्या गोष्टीही पुसल्या जातात: एसी फक्त थंड करणारा आहे की गरमही करतो, पंखा कसा जोडला आहे, कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी किती मिनिटं थांबायचं. या चुकीच्या भरल्या तर एसी चालत नाही, किंवा चालतो आणि कॉम्प्रेसरला मारतो. `Ja` म्हणजे हो, `Nein` म्हणजे नाही, `Abbrechen` म्हणजे रद्द. गोंधळ झाला की `Abbrechen`.

म्हणून मेकॅनिकने काकांना मोबाइल घेऊन शेजारी उभं केलं आणि काहीही न बदलता प्रत्येक पानाचा फोटो काढायला लावला. एकूण चौदा फोटो झाले. पुढचं सगळं वाचन या फोटोंवरून, चहा घेत, टेबलावर बसून झालं. भिंतीसमोर उभं राहून वाचताना बोट काहीतरी दाबतंच.

मुख्य पान: IST नव्हे, Ist

मुख्य पानावर दोन आकडे होते: `Ist 29,5` आणि त्याखाली `Soll 30,0`. काकांनी पहिल्या शब्दाचा अर्थ ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ असा लावला होता. बाजूलाच घड्याळ असल्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. शब्दकोशात पाहिलं तर `ist` म्हणजे ‘आहे’ आणि `soll` म्हणजे ‘असायला हवं’. थर्मोस्टॅटच्या भाषेत पहिला आकडा खोलीचं आत्ताचं तापमान आणि दुसरा यंत्राला दिलेलं लक्ष्य. दुपारी दोन वाजता लक्ष्यच 30 होतं आणि खोली साडेएकोणतीसवर. एसी लागणार कसा?

आकड्यांमधला स्वल्पविराम हा जर्मन दशांश चिन्ह आहे. `29,5` म्हणजे 29.5. उलट हजारासाठी ते टिंब वापरतात, म्हणजे `1.250` हे बाराशे पन्नास. तापमानात हे लगेच कळतं, कारण दोनशे पंच्याण्णव अंश कुणाच्या घरात नसतात. विजेच्या युनिटचा आकडा असेल तिथे मात्र सवा युनिट की साडेबाराशे युनिट, हा फरक डोळ्यांतून सहज निसटतो.

उरलेले शब्द थोडेच. `Kühlen` म्हणजे थंड करणं, `Heizen` म्हणजे गरम करणं, `Lüfter` म्हणजे पंखा. `Ein` म्हणजे चालू आणि `Aus` म्हणजे बंद. काकूंनी `Ein` हा शब्द एक, म्हणजे पंख्याचा पहिला वेग, असा वाचला होता आणि वीज वाचेल म्हणून तो तसाच ठेवला होता. प्रत्यक्षात त्यामुळे कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा अखंड चालत होता. आपल्याकडच्या दमट हवेत याचा वेगळाच तोटा होतो. कॉइलवर जमलेलं पाणी निथळून जाण्याऐवजी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा वाफ होऊन खोलीत येतं. घर गार पण चिकट राहतं आणि माणूस तापमान आणखी खाली ओढतो. `Lüfter` पुढे `Auto` केल्यावर पंखा थंडाईच्या जोडीनेच चालू-बंद होऊ लागला.

घड्याळाचं कोडं याच फेरीत सुटलं. वेळेच्या पानावर `Sommerzeit: Auto` असं होतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. यंत्राने ते खारघरमध्येही इमानेइतबारे केलं. तिथे `Aus` निवडलं आणि घड्याळ जागेवर आलं. तोवर वेळापत्रकातली प्रत्येक गोष्ट तासभर आधी घडत होती, म्हणजे काकांना साडेसहाला दिसणारा बदल थर्मोस्टॅटवरच्या घड्याळाच्या साडेसातच्या खुणेचा होता.

वेळापत्रक

`Zeitplan` या पानावर डावीकडून सात चौकोन होते: `Mo Di Mi Do Fr Sa So`. मराठी डोळ्याला यात एक मोठा सापळा आहे. `So` बघून सोमवार वाटतो. `Sa` शनिवार असल्यामुळे तो अंदाज बरोबर ठरतो, आणि एक बरोबर आला की माणूस दुसऱ्याबद्दल शंका घेत नाही. `So` हा `Sonntag`, म्हणजे रविवार. सोमवार म्हणजे `Mo`. काका-काकू दर सोमवारी सकाळी मुलीकडे ठाण्याला जातात, म्हणून काकांनी `So` वर सकाळी नऊ ते दुपारी दोन 30 अंश लावून ठेवले होते. पाहुण्यांच्या रविवारी घर तापलं ते यामुळे.

“काकू, आणि हे `Do` म्हणजे ‘करा’ नाही हो, गुरुवार,” मेकॅनिक म्हणाला. त्यालाही ते शेवटून मोजूनच कळलं होतं. `Di` मंगळवार आणि `Do` गुरुवार ही जोडी घाईत सर्वांत जास्त चुकते.

शब्दावर विसंबण्यापेक्षा जागेवर विसंबावं. या यंत्रात आठवडा सोमवारी सुरू होतो, सात चौकोनांत शेवटचे दोन शनिवार-रविवार. तरीही खात्री हवी असेल तर आजचा चौकोन गडद दिसतो तो पाहावा आणि कॅलेंडरशी ताडून घ्यावा. काही यंत्रांत आठवडा रविवारपासून सुरू होतो, तिथे हा ताळा फार कामाला येतो.

`Mo` ते `Fr` प्रत्येक दिवसाला चार ओळी होत्या, प्रत्येक ओळीत वेळ आणि दोन तापमानं:

```
06:00  Aufstehen  Heizen 21,0  Kühlen 25,0
08:30  Abwesend   Heizen 17,0  Kühlen 30,0
19:30  Zuhause    Heizen 21,0  Kühlen 24,0
22:30  Nacht      Heizen 17,0  Kühlen 26,0
```

उठणं, घरात नसणं, घरी असणं, रात्र. नोकरदार माणसाचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. सकाळी साडेआठला तो बाहेर पडला की यंत्राने 30 अंशांपर्यंत काहीच करायचं नाही. निवृत्त जोडप्याच्या दुपारी त्याच ओळीत अडकल्या होत्या. `Heizen` चा रकाना इथे निरुपयोगी: एसीला हीटर नाही आणि खारघरचा हॉल 17 अंशांवर कधी जाणार? पण रकाने शेजारी-शेजारी असतात, आणि काकांनी दोन वेळा `Heizen` चा आकडा बदलून ‘काहीच होत नाही’ म्हणून सोडून दिलं होतं. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह ज्या रकान्यावर असेल तोच आपला. ज्वाळेच्या रकान्याला हात लावू नये.

आता ‘आपोआप बदलतं’ या तक्रारीकडे. मुख्य पानावर वजा-अधिक दाबून लक्ष्य बदललं की खाली छोटी ओळ येत होती: `Bis nächste Schaltzeit`, म्हणजे पुढच्या बदलाच्या वेळेपर्यंत. तुमचा आकडा तात्पुरता आहे, वेळापत्रकातली पुढची ओळ आली की तो जाणार. यात यंत्राची चूक नाही, ते नेमकं असंच वागायला हवं.

काकांनी यावर स्वतःच उपाय शोधला होता. त्या ओळीवर बोट ठेवलं तर `Dauerhaft` असा दुसरा पर्याय येतो. तो निवडल्यावर आकडा हलत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं. म्हणून गेल्या दहा दिवसांत बरेचदा, विशेषतः संध्याकाळनंतर, ते `Dauerhaft` वर 22 लावून मोकळे होत. `Dauerhaft` म्हणजे कायमचं. रात्रभर 22, पहाटे 22, सकाळी फिरायला गेले तरी 22. कधी आठवलं की वेळापत्रक पुन्हा चालू, आणि मग दुपारचं 30 परत. दोन टोकं, मध्ये काही नाही. बिलाचं मोठं कारण इथेच होतं, बचतीचं पान उघडायच्या आधीच.

हिरवं पान चालू, बचत शून्य

`Energiesparen` हे पान या प्रकरणाचा गाभा आहे, कारण इथे सगळे शब्द बरोबर समजले तरीही माणूस फसतो.

काकांनी या पानावर तीन ओळी पाहिल्या होत्या. पहिली `Eco: Ein`, शेजारी हिरवं पान. दुसरी `Absenkung 4,0 K`. तिसरी, खाली सरकवल्यावर दिसणारी, `Anhebung 0,0 K`. मुलीने शब्दकोश पाहून सांगितलं होतं की `Absenkung` म्हणजे खाली आणणं, कमी करणं. बचतीच्या पानावर ‘कमी करणं’ लिहिलंय म्हटल्यावर वीजच कमी होणार, असा सरळ अर्थ लावून काकांनी तो आकडा 4 वरून 6 केला. बिलात फरक पडला नाही.

इथला `K` हा हजार नव्हे, केल्विन आहे. तापमानातला फरक जर्मन यंत्रं केल्विनमध्ये दाखवतात आणि फरकापुरता एक केल्विन म्हणजे एक अंश सेल्सिअसच. तर 4 केल्विन म्हणजे लक्ष्यापासून चार अंश दूर. पण कुठल्या दिशेने?

थंड देशात घर गरम ठेवायला पैसे लागतात. तिथे बचत म्हणजे लक्ष्य खाली आणणं: 21 चं 17 करा, बॉयलर कमी जळेल. म्हणून त्यांच्या यंत्रात बचतीचं मुख्य नाव `Absenkung` आणि ते `Heizen` ला लागू. गार करायला पैसे लागतात तिथे बचत नेमकी उलट, लक्ष्य वर न्यायचं. त्यासाठी यंत्रात वेगळी ओळ आहे, `Anhebung`, म्हणजे वर उचलणं. ती कारखान्यातून शून्यावर येते आणि आधीच्या भाडेकरूने तिला हात लावला नव्हता, कारण तो दिवसभर बाहेर असायचा आणि वेळापत्रकातलं 30 त्याला पुरत होतं.

म्हणजे पान हिरवं, `Eco` चालू, आणि थंडाईच्या लक्ष्यात शून्य अंशांचा बदल. काकांनी 4 चं 6 केलं ते खारघरमध्ये अस्तित्वातच नसलेल्या हीटरसाठी.

हे शब्दांवरून ठरवण्याऐवजी यंत्रालाच विचारता येतं, आणि ही चाचणी कुठल्याही भाषेतल्या थर्मोस्टॅटवर चालते. मेकॅनिकने आधी `Kühlen` निवडून लक्ष्य 24 ठेवलं. मग `Eco` बंद करून पुन्हा चालू केलं आणि मुख्य पानावरचा `Soll` पाहिला. तो 24 च राहिला, म्हणजे बचत काही करत नाही. मग `Anhebung` मध्ये 3,0 भरलं आणि तेच पुन्हा केलं. `Soll 27,0` आलं. आकडा वर गेला तर सेटिंग थंडाईसाठी बरोबर आहे. खाली, म्हणजे 21 वर गेला असता, तर बचतीचं बटण दाबून एसी जास्त चालवला गेला असता. एकच बचत-आकडा असलेल्या काही साध्या यंत्रांत तोच आकडा दोन्ही दिशांना वापरलेला असतो, तिथे ही चाचणी केल्याशिवाय `Eco` वर विश्वास ठेवू नये.

चाचणीत एक गोष्ट सांभाळावी लागते. लक्ष्य बदलल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला नाही तर घाबरून पुन्हा पुन्हा बटणं दाबू नयेत. तो नुकताच बंद झाला असेल तर संरक्षणासाठी काही मिनिटं थांबतो. या यंत्रात तो काळ तीन मिनिटांचा भरलेला होता आणि तेवढा वेळ चांदणीचं चिन्ह लुकलुकत राहतं. पाहायचं ते `Soll` च्या आकड्याकडे, आवाजाकडे नाही.

तीनच अंश का, असं काकूंनी विचारलं. जास्त ठेवलं तर जास्त बचत नाही का? कोरड्या गावात कदाचित. खाडीच्या या दमट हवेत एसी काही तास बंदच राहिला तर भिंती, गाद्या, पडदे ओलावा धरतात, आणि परत आल्यावर यंत्राला तापमानाबरोबर तो ओलावाही काढावा लागतो. तास-दोन तास बाहेर जाताना तीन अंश पुरेत. दिवसभरासाठी ठाण्याला जायचं असेल तर सरळ बंद करावं, `Eco` नव्हे.

वापराचं पान

`Verbrauch` या पानावर आठवड्याचा सरासरी आकडा होता: `Laufzeit Kühlen Ø 13 Std.` काकांनी `Std.` चा अर्थ इयत्ता घेतला नाही, पण ‘स्टँडर्ड’ मात्र घेतला, म्हणजे 13 हे काहीतरी ठरलेलं प्रमाण असावं. ते `Stunden` चं लघुरूप, म्हणजे तास. `Ø` म्हणजे सरासरी. एसी दिवसाला सरासरी तेरा तास थंड करत होता. दुपारी लागत नाही म्हणून तक्रार असलेल्या घरात!

या एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर वीज सुमारे 3.5 किलोवॅट लिहिली होती. तेरा तास गुणिले साडेतीन, म्हणजे दिवसाला साधारण 45 युनिट. हा हिशेब ठरावीक वेगाच्या कॉम्प्रेसरला चालतो, आणि हा तसाच होता. इन्व्हर्टर यंत्र असतं तर तास जास्त दिसूनही युनिट कमी पडले असते, तेव्हा थर्मोस्टॅटचे तास तिथे फारसे उपयोगी नाहीत. शिवाय थर्मोस्टॅटला फक्त आपण दिलेला हुकूम ठाऊक असतो, वीज तो मोजत नाही. ताळा मीटरवरच घ्यावा: रोज सकाळी एकाच वेळी महावितरणच्या मीटरवरचा `kWh` आकडा वहीत लिहायचा आणि आदल्या दिवशीचा वजा करायचा. काकांनी ते काम आनंदाने उचललं.

काय बदललं

भाषा बदलली ती सगळ्यात शेवटी. `Einstellungen` म्हणजे सेटिंग्ज, त्यात `Sprache` म्हणजे भाषा, तिथे भाषांची नावं त्या-त्या भाषेतच असतात, त्यामुळे `English` ओळखता आलं. वाट हरवली तर साधारण दातेरी चाकाच्या चिन्हात शिरावं आणि पृथ्वीगोलाचं चिन्ह शोधावं. भाषा बदलल्यावर `Absenkung` च्या जागी `Setback` आलं, आणि काकांनी ते वाचून विचारलं, “हे पण तसंच आहे ना?” तसंच होतं. शब्द इंग्रजी झाला, पण दिशा हीटरचीच राहिली. आधी जर्मनमध्ये चाचणी केलेली असल्यामुळे दोन ओळींपैकी आपली कुठली, हे आता माहीत होतं.

वेळापत्रक नव्याने लावलं. सकाळी साडेसहाला 27, दुपारी साडेबाराला 25, साडेचारला 27, रात्री दहाला 26. सगळे दिवस सारखे, फक्त `Mo` वर सकाळी नऊ ते दोन बंद. `Dauerhaft` वापरायचं नाही, एखाद्या दिवशी जास्त गार हवं असेल तर वजा दाबावं आणि ते आपोआप परत जाऊ द्यावं. ऊर्जाबचतीचं काम पाहणाऱ्या बीईई या केंद्र सरकारच्या संस्थेच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. त्या मापाने रात्रीचं 22 चं 26 हाच सर्वांत मोठा तुकडा होता. 26 वर झोप लागेल का, ही काकूंची शंका रास्त होती. पंखा `Auto` वर गेल्याने ओलावा कमी झाला आणि छताचा पंखा एकवर ठेवून 26 पुरलं.

पुढच्या आठवड्यात वापराच्या पानावर तेराच्या जागी आठ तास आले. आठ गुणिले साडेतीन, म्हणजे 28 युनिट. मीटरच्या वहीत घराचा एकूण वापर दिवसाला सोळा-सतरा युनिटांनी उतरला होता, पाच तासांच्या हिशेबाशी बऱ्यापैकी जुळणारा. अंदाज आणि मीटर यांत मोठी तफावत आली असती तर गिझर किंवा दुसरं काही शोधावं लागलं असतं.

भाषा इंग्रजी झाली तरी चार ओळींची नावं जर्मनच राहिली, कारण ती यंत्राची नसून आधीच्या भाडेकरूने स्वतः टाइप केलेली होती. भाषेचं सेटिंग माणसाने लिहिलेल्या शब्दांना हात लावत नाही. काकांनी ती एकेक पुसून ‘SAKAL’, ‘DUPAR’, ‘SANDHYA’, ‘RATRA’ अशी टाकली. मराठी अक्षरं त्या कीबोर्डवर नव्हती.